सणांचं कॅलेंडर फोनमध्ये घातलं, तरी आठवण येत नाही: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावं

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळात गुढीपाडव्याच्या आसपास आणि चातुर्मास लागताना एकच तक्रार हमखास येते. "फोनमध्ये सणांचं कॅलेंडर टाकलं, पण संकष्टी निघून गेली तरी फोन बोलला नाही." फोन वेगवेगळे असतात, बिघाड मात्र त्याच चार-पाच जागी सापडतो. म्हणून तपासण्या ओळीने मांडते आहे. आधी फुकट आणि मिनिटाभरात होणाऱ्या, वेळखाऊ त्या शेवटी. हे सगळं अँड्रॉइड फोन आणि गुगल कॅलेंडर धरून लिहिलं आहे, आयफोनचा एक वेगळा मुद्दा मध्ये येईल. बहुतेकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते, म्हणून बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच दिली आहेत.

आधी लक्षण ओळखा

तक्रारी सारख्या वाटल्या तरी लक्षणं चार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिलं, सण कॅलेंडरमध्ये दिसतच नाहीत. दुसरं, सण दिसतात पण आठवण येत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. तिसरं, आठवण येते, पण सणाच्या दिवशी सकाळी नऊला, म्हणजे उपवासाच्या दिवशी चहा-पोहे होऊन गेल्यावर. चौथं, आठवण वेळेवर येते पण तारीखच आपली नसते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चौथं फार छळतं, आणि ते फोन दुरुस्त करून जात नाही.

कॅलेंडर उघडा, पुढच्या महिन्यातला एखादा सण शोधा आणि त्यावर बोट ठेवा. सण दिसतो का, कोणत्या कॅलेंडरमधला आहे, खाली घंटीची ओळ आहे का, एवढं पाहिलं की आपण कुठे आहोत ते कळतं.

पहिली तपासणी: खातं आणि खूण

सण दिसत नसतील तर डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषांवर बोट ठेवा. प्रत्येक ईमेल खात्याखाली त्याची कॅलेंडरं दिसतील. सणांच्या कॅलेंडरसमोरच्या चौकोनात खूण नसेल तर ती करा. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं.

कॅलेंडरचं नावच दिसत नसेल तर खातं पाहा. घरातल्या फोनमध्ये सहसा दोन खाती असतात. एक स्वतःचं, दुसरं मुलाने कधीतरी ॲप उतरवण्यासाठी काढून दिलेलं. संगणकावर कॅलेंडर एका खात्यात जोडलेलं असतं आणि फोन दुसऱ्याच खात्याचं दाखवत असतो. संगणकावर वरच्या उजव्या कोपऱ्यात कोणता ईमेल आहे ते वाचा आणि तोच फोनमध्ये आहे का ते जुळवा.

खातं बरोबर असूनही नाव नसेल तर त्याच यादीतून Settings मध्ये जा. खात्याखाली थोडीच कॅलेंडरं दिसतात, बाकीची `Show more` मागे असतात. तिथे आपल्या कॅलेंडरचं नाव निवडून `Sync` चालू करा. बाहेरून जोडलेलं किंवा दुसऱ्याने वाटलेलं कॅलेंडर फोनवर कधी कधी बंदच येतं, म्हणून हे बटण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आयफोनचं आपलं कॅलेंडर ॲप वापरणाऱ्यांसाठी इथेच एक वेगळी पायरी आहे. गुगलवर वाटलेली किंवा जोडलेली कॅलेंडरं त्यात आपोआप येत नाहीत. फोनच्या ब्राउझरमध्ये पुढचं पान उघडून हव्या त्या नावापुढे खूण करून जतन करावं लागतं:

```
https://calendar.google.com/calendar/syncselect
```

आणखी एक गोष्ट. पत्ता देऊन कॅलेंडर जोडायची सोय, म्हणजे `From URL`, गुगलच्या फोन ॲपमध्ये नाही. ती संगणकावर `Other calendars` समोरच्या अधिकच्या चिन्हात आहे. ॲपमध्ये ती शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत. संगणक नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये `Desktop site` निवडून calendar.google.com उघडता येतं. अक्षरं बारीक दिसतात, पण काम होतं. पत्त्याने जोडलेल्या कॅलेंडरमध्ये मूळ ठिकाणी बदल झाला तर तो तुमच्याकडे पोहोचायला बारा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. तेवढा वेळ द्या. दर पाच मिनिटांनी काढून पुन्हा जोडल्याने काही लवकर होत नाही.

दुसरी तपासणी: आठवण कुणी सांगितलीच नाही

सण दिसतो पण फोन बोलत नाही, याचं सगळ्यात सामान्य कारण असं की सुट्ट्यांच्या आणि जोडलेल्या कॅलेंडरला सुरुवातीला कोणतीही सूचना लावलेली नसते. तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरला अर्धा तास आधीची घंटी असेल, ती या सणांना लागू होत नाही. प्रत्येक कॅलेंडरची घंटी वेगळी असते.

त्यातही दोन प्रकार आहेत. दुपारी चारची भेट ही वेळेची नोंद, तर सण ही पूर्ण दिवसाची. दोघांच्या सूचना वेगळ्या ठेवलेल्या असतात. लोक वरची सूचना बदलतात, सणांची खालची असते, ती कोरीच राहते.

फोनवर Settings मध्ये कॅलेंडरच्या नावावर बोट ठेवलं की `Default notifications` दिसतं का ते पाहा. संगणकावर हे जास्त स्वच्छ दिसतं, म्हणून मी नेहमी तिथेच करते. डावीकडे कॅलेंडरच्या नावासमोरचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, आणि खाली सरकत `All-day event notifications` पर्यंत जा. तिथे `Add notification` दाबून १ दिवस आधी आणि संध्याकाळी ७ ही वेळ द्या.

संध्याकाळी सातच का, तेही सांगते. उपवासाची तयारी आदल्या रात्री होते. साबुदाणा भिजत घालायचा असतो, घरात वऱ्याचे तांदूळ आहेत का पाहायचं असतं, नसतील तर दुकान उघडं असताना निघायचं असतं. सणाच्या दिवशी सकाळी नऊला आलेली सूचना या कामाला उपयोगाची नाही. तिसरं लक्षण म्हणजे हेच, आणि ते या एका आकड्यात सुटतं.

सणाला मात्र एक दिवस पुरत नाही. हरितालिकेला, गौरींना सामान लागतं, म्हणून तिथे तीन दिवस आधीची दुसरी सूचना लावावी. अडचण अशी की ही सूचना अख्ख्या कॅलेंडरला लागते, एकट्या गौरींना नाही. मग प्रत्येक चतुर्थी-एकादशीला दोनदा फोन वाजतो आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस न वाचताच सूचना बाजूला सारायला लागतो. यासाठी माझा आग्रह असतो की कॅलेंडरं दोन करा, एक "उपवास" आणि एक "सण". पहिल्याला एक सूचना, दुसऱ्याला दोन. दोन कॅलेंडरं कशी करायची ते पुढे येतंच.

लावलेली सूचना खरंच चालते का हे पाहण्यासाठी पुढच्या संकष्टीची वाट पाहू नका. स्वतःच्या कॅलेंडरमध्ये उद्याच्या तारखेला "चाचणी" नावाची पूर्ण दिवसाची नोंद करा आणि तिला एक दिवस आधी, आत्तापासून दहा मिनिटांनंतरची वेळ द्या. फोन बाजूला ठेवा, स्क्रीन बंद होऊ द्या. फोन वाजला तर फोनचा दोष नाही, सणांच्या कॅलेंडरची सूचना नीट लागलेली नाही. नाही वाजला तर पुढची तपासणी.

तिसरी तपासणी: फोन तोंड बंद ठेवतोय का

फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीतून कॅलेंडर उघडा आणि सूचनांची परवानगी पाहा. अँड्रॉइड १३ पासून ॲपला सूचना दाखवण्याआधी परवानगी विचारावी लागते. नवीन फोन घेताना धडाधड येणाऱ्या त्या खिडक्यांमध्ये घाईत "नको" दाबलं गेलं की नंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही. परवानगी असेल तरी सूचना `Silent` वर नाही ना, ते बघा. तसं असेल तर ती वरच्या पट्टीत गुपचूप येऊन बसते, आवाज करत नाही. तिथेच `Alarms & reminders` ही वेगळी परवानगी दिसली तर तीही चालू असू द्या. ठरल्या मिनिटाला फोन जागा करण्यासाठी ती लागते.

मग बॅटरी. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी न वापरलेली ॲप्स झोपवून टाकतात. जी व्यक्ती कॅलेंडर महिन्यातून एकदा उघडते, तिचं कॅलेंडर सगळ्यात आधी झोपतं, आणि आठवणीची गरज तिलाच जास्त असते. ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरीमध्ये जाऊन `Unrestricted` किंवा `No restrictions` असं जे असेल ते निवडा. काही फोनमध्ये `Autostart` नावाचं आणखी एक बटण असतं, तेही चालू करा. ज्या फोनवर सूचना कधी येते, कधी येत नाही, तिथे मी आधी हेच पाहते.

शेवटी सिंक. फोनच्या सेटिंग्जमध्ये खात्यांच्या यादीत तुमचं गुगल खातं आणि त्यात `Account sync`. कॅलेंडरसमोरचं बटण चालू हवं. ते बंद असेल तर संगणकावर लावलेली सूचना फोनपर्यंत पोहोचतच नाही, आणि आपण उगाच घंटी लावत बसतो.

चौथी तपासणी: तारीख आपली आहे का

इथून पुढे फोनचा दोष उरत नाही. गुगलचं भारताच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर देशभरासाठी आहे. त्यात संकष्टी नाही आणि आपल्या रंगपंचमीच्या गेरची स्थानिक सुट्टीही नाही. ती सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि जिल्ह्यापुरतीच असते. त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये फक्त सार्वजनिक सुट्ट्या की इतर दिवसही, असा पर्याय असतो. दुसरा घेतला की यादी वाढते, पण मराठी घराची होत नाही.

मग लोक स्थानिक पंचांगावरून केलेलं एखादं कॅलेंडर जोडतात आणि खरा घोळ सुरू होतो. मध्य प्रदेशातला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना एक पाऊल पुढे असतो. आपली फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे त्यांची चैत्र कृष्ण पंचमी. दिवस तोच, म्हणून रंगपंचमीला दोघंही एकत्रच रंगतात. संकष्टीही त्याच दिवशी येते. महिन्याच्या नावावर बांधलेली व्रतं मात्र वेगळी पडतात.

२०२६चा श्रावण घ्या. इथल्या हिंदी पंचांगाचा श्रावण ३० जुलैला सुरू होतो आणि त्यांचा पहिला सोमवार ३ ऑगस्टला येतो. आपला श्रावण १३ ऑगस्टला सुरू होतो, म्हणून आपला पहिला श्रावणी सोमवार १७ ऑगस्टला. त्यांचा श्रावण राखीला, २८ ऑगस्टला संपतो, आपले सोमवार ७ सप्टेंबरपर्यंत चालतात. फोनने ३ ऑगस्टची आठवण दिली तर ती चूक नाही, ती शेजारच्या घराची आठवण आहे.

वटसावित्रीचं अंतर याहून मोठं आहे. इकडच्या हिंदी घरांत ती अमावास्येला पूजतात, आपल्याकडे आणि गुजरातेतही पौर्णिमेला. एरवी पंधरा दिवसांचा फरक असतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ मध्ये आल्यामुळे त्यांची वटसावित्री १६ मेला आणि आपली वटपौर्णिमा २९ जूनला आहे. दोन्ही कॅलेंडरं फोनमध्ये चालू असतील तर दीड महिन्याच्या अंतराने एकाच नावाच्या दोन सूचना येतात आणि घरात वाद होतो की पहिली चुकली की दुसरी. कोणतीच चुकलेली नसते.

म्हणून कोणतंही सणांचं कॅलेंडर जोडण्याआधी त्यात पहिला श्रावणी सोमवार आणि वटपौर्णिमा या दोनच तारखा पाहा. त्या आपल्या पंचांगाशी जुळल्या तर कॅलेंडर अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपणाऱ्या आपल्या पद्धतीचं आहे. नाही जुळल्या तर ते जोडू नका, पुढे एकेक नोंद दुरुस्त करण्यात काही अर्थ नसतो.

संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळही इथे तपासावी. महाराष्ट्रातून आलेल्या कॅलेंडरमध्ये ती मुंबईची किंवा पुण्याची असू शकते. इंदूर मुंबईच्या पूर्वेला साधारण तीन अंश आहे, म्हणून नुसत्या रेखांशाने इथे चंद्र बारा मिनिटं आधी उगवतो, आणि अक्षांशामुळे हा फरक त्या-त्या महिन्यात कमीजास्त होतो. दिवसाच्या आठवणीला याने काही बिघडत नाही, पण ताटावर बसण्याची वेळ इंदूरची बघून लिहा.

पाचवी तपासणी: "दरवर्षी" ही खूण

काही जणी स्वतः कष्टाने प्रत्येक सण फोनमध्ये लिहितात आणि पुनरावृत्तीत "दरवर्षी" निवडतात. फोनला तिथी कळत नाही, तो इंग्रजी तारखेने मोजतो. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, आणि २०२६ मध्ये अधिक मासामुळे १४ सप्टेंबरला आहे. २०२५ला "दरवर्षी" लावलेली नोंद २०२६ मध्ये अठरा दिवस आधी गणपती बसवायला सांगेल. मकर संक्रांत सूर्यावर चालते, तिथेही काही वर्षी १४ जानेवारी, काही वर्षी १५. तिथीच्या वाढदिवसाला आणि वडिलांच्या श्राद्धालाही हेच लागू आहे. "दरवर्षी" लावलेल्या अशा सगळ्या नोंदी शोधून काढून टाका. वाढदिवस इंग्रजी तारखेचा असेल तर तेवढा राहू द्या.

शेवटचा उपाय: घरची यादी स्वतः करा

वरचं सगळं पाहून झालं आणि मनासारखं कॅलेंडर सापडलं नाही, तर वर्षातून एकदा स्वतः करा. पंचांग समोर घेऊन संध्याकाळ जाते, पण मग वर्षभर काही बघावं लागत नाही. रामबागेतल्या एका घरात मागे केलं ते सांगते, म्हणजे कुठे अडतं ते कळेल. सासूबाईंना उपवास हवे होते, सुनेला सण आणि शाळेच्या सुट्ट्या, आणि मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, त्याला श्राद्धाची तारीख.

संगणकावर गुगल कॅलेंडरमध्ये `Other calendars` समोरच्या अधिकच्या चिन्हातून `Create new calendar` घेऊन "उपवास" आणि "सण" अशी दोन रिकामी कॅलेंडरं केली. हे आधीच करायचं. नाहीतर आयात केलेल्या नोंदी मुख्य कॅलेंडरमध्ये मिसळतात, आणि काही चुकलं तर डॉक्टरांच्या तारखांमधून चतुर्थ्या निवडून काढत बसावं लागतं.

मग गुगल शीट्समध्ये यादी लिहिली. फाइल दिसायला अशी असते:

```
Subject,Start Date,All Day Event
रंगपंचमी,03/08/2026,True
गुढीपाडवा,03/19/2026,True
वटपौर्णिमा,06/29/2026,True
पहिला श्रावणी सोमवार,08/17/2026,True
गणेश चतुर्थी,09/14/2026,True
```

पहिली ओळ इंग्रजीत आणि अक्षरशः अशीच हवी. तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर. आपल्या हाताला दिवस आधी लिहायची सवय, आणि गंमत अशी की `08/03/2026` लिहिलं तरी कॅलेंडर तक्रार करत नाही, रंगपंचमी मुकाट्याने ३ ऑगस्टला नेऊन ठेवतं. दिवस बारापेक्षा मोठा असेल तिथेच चूक उघडी पडते. शिवाय शीट्स तारखा ओळखून स्वतः त्यांचा साचा बदलते, म्हणून लिहिण्याआधी तो रकाना निवडून त्याला `Plain text` करा. रामबागेतल्या घरी पहिल्या वेळी हेच राहिलं होतं आणि महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतले सगळे सण भलतीकडे गेले.

फाइल सीएसव्ही, म्हणजे वर दाखवली तशी स्वल्पविरामांची साधी फाइल, म्हणून उतरवा. शीट्समधून उतरवली तर देवनागरी शाबूत राहते. एक्सेलमध्ये केली असेल तर `CSV UTF-8` हाच प्रकार निवडा, नाहीतर सणांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. नंतर कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये `Import & export`, फाइल निवडा, आणि खालच्या `Add to calendar` मध्ये "सण" आहे ना ते वाचूनच `Import` दाबा. तीच फाइल दुसऱ्यांदा आयात करू नका, प्रत्येक सण दोनदा येतो. चूक सापडली तर अख्खं "सण" कॅलेंडर पुसून नवं करणं सगळ्यात सोपं, म्हणूनच ते वेगळं ठेवलं आहे. आयात झाल्यावर दोन-तीन नोंदी उघडून पंचांगाशी ताडून पाहा, आणि त्यातली एक तरी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली असू द्या.

यानंतर दुसऱ्या तपासणीत सांगितलेली घंटी दोन्ही कॅलेंडरांना लावली आणि सेटिंग्जमधून घरच्यांच्या ईमेलवर ती वाटली. बाहेरगावच्या मुलाच्या फोनवर तारखा लगेच दिसल्या, पण श्राद्धाची आठवण आली नाही. कारण वाटलेल्या कॅलेंडरच्या नोंदी सगळ्यांना मिळतात, घंटी मात्र ज्याची त्याला लावावी लागते. आईने लावलेली सूचना मुलाच्या फोनवर जात नाही. प्रत्येकाने ईमेलमधला दुवा उघडून कॅलेंडर स्वीकारायचं, फोनमध्ये `Sync` पाहायचं आणि आपली `All-day event notifications` स्वतः लावायची. वाटताना घरच्यांना फक्त बघण्याचा अधिकार द्या, म्हणजे कुणाच्या बोटाने गौरी दुसऱ्या दिवशी जात नाहीत.

कुठे थांबायचं

तिथीचा वाद असेल तर फोन बंद करून गुरुजींना विचारा. २०२५ची दिवाळी आठवा. अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागून २१ला संध्याकाळी सहाच्या आत संपत होती. देशात अनेक ठिकाणी लक्ष्मीपूजन २०ला झालं, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी २१ दिलं. अशा वेळी कोणतं कॅलेंडर बरोबर हे सेटिंगमध्ये सापडत नाही. तुमच्या घरी जे पंचांग मानतात त्याप्रमाणे गुरुजी सांगतील ती तारीख नोंदवा. एकादशी दोन दिवस दाखवत असेल तेव्हाही हेच करा.

खातं ऑफिसचं असेल आणि बाहेरचं कॅलेंडर जोडताना किंवा वाटताना अडवलं जात असेल, तर ते ऑफिसच्या संगणक विभागाने बंद ठेवलेलं असतं. तिथे खटपट करू नका, घरच्या खात्यावर करा.

चाचणीची नोंद सगळ्या परवानग्या देऊनही वाजत नसेल, किंवा सिंक सुरू होऊन लगेच चूक दाखवत असेल, तर फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून एकदा बंद-चालू करा. त्यानेही झालं नाही तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा. इंटरनेटवर `Calendar Storage` चा डेटा पुसा असा सल्ला मिळतो. गुगलवर न पोहोचलेल्या, फक्त फोनमध्ये असलेल्या नोंदी त्यात कायमच्या जातात, म्हणून संगणकावर सगळ्या नोंदी दिसतात याची खात्री होईपर्यंत तिकडे हात लावू नका. फोन अख्खा रीसेट करायला कुणी सांगितलं तर सणांच्या आठवणीसाठी तेवढं करायची गरज नसते.

आणि कॅलेंडरमध्ये न मागितलेल्या नोंदी येत असतील, "फोनमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा" अशा धर्तीच्या, तर त्यातल्या कोणत्याही दुव्यावर बोट ठेवू नका. अशा नोंदी बहुधा एखाद्या अनोळखी कॅलेंडरचं सदस्यत्व चुकून घेतल्याने येतात. यादीत ते नाव शोधून काढून टाका. काढूनही येत राहिल्या तर आधी खात्याचा पासवर्ड बदला आणि मगच फोन सेवा केंद्रात न्या.